चार सफारी

गेल्या नोव्हेंबरमध्ये एका रात्री माझ्या मेहुण्यांचा डोंबिवलीहून फोन आला. ताडोबाला जायचे ठरत होते. जाणारे चौघे: ते, माझी धाकटी बहीण, चौथीत शिकणारी भाची आणि मेहुण्यांच्या अडुसष्ट वर्षांच्या आई. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्यांनी सरळ विचारले, “दादा, किती सफारी घेतल्या म्हणजे वाघ नक्की?” मी क्षणाचाही विचार न करता “चार” असे उत्तर दिले. पलीकडे पेन कागदावर टेकल्याचा बारीक आवाज आला. त्यांनी तो आकडा लिहून घेतला होता.

फोन ठेवल्यावर तो लिहून घेतलेला आकडा मला टोचू लागला. वीसेक वर्षांत ताडोबाच्या इतक्या खेपा झाल्या आहेत, की ओळखीतले लोक असले प्रश्न मलाच विचारतात आणि मीही ठेवणीतली उत्तरे देऊन मोकळा होतो. “चार” हे त्यांतलेच एक. ते मी कधीतरी कोणाकडून ऐकले, पुढे दहा जणांना सांगितले, आणि सांगता सांगता ते मला अनुभवासारखे वाटू लागले. प्रत्यक्षात माझा अनुभव काही वेगळेच सांगत होता, आणि ते मला त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवले.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही पाच मित्र मे महिन्यात मोहर्लीला गेलो होतो. शुक्रवारी दुपारी पहिली सफारी, शनिवारी सकाळी व दुपारी दोन, आणि रविवारी सकाळी चौथी. चारही फेऱ्या एकाच गेटमधून होत्या. मे महिना म्हणजे वाघ दिसण्याचा सर्वांत खात्रीचा काळ, असे सगळेच म्हणतात. दुपारी तीनच्या सुमारास जिप्सीच्या लोखंडी दांडीला हात लावला की चटका बसत होता, तोंडावर बांधलेल्या ओल्या पंचाचे पाणी दहा मिनिटांत उडून जात होते, आणि साग असा निष्पर्ण झाला होता की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दूरवरचे दिसत होते. आम्ही एका पाणवठ्यापाशी तासन्‌तास बसलो. गाईड दर वेळी त्याच जांभळीखालच्या ओल्या जागेकडे बोट दाखवून म्हणायचा, “भाऊ, बुधवारपर्यंत रोज इथंच बसून होती.” शुक्रवार गेला, शनिवार गेला, रविवारी आम्ही परत निघालो. पुढच्या आठवड्यात त्याच गाईडचा निरोप आला, की वाघीण सोमवारी पुन्हा त्याच जागी येऊन बसली आहे. त्या वेळी आम्ही या प्रकाराला नशीब म्हणालो आणि विषय संपवला.

आता विचार करताना मला वाटते, की त्यात नशिबाइतकीच आमच्या हिशेबाचीही चूक होती. समजा, उन्हाळ्यात एखाद्या गेटवर दोनांतल्या एका सफारीत वाघ दिसतो. मग चार सफारींमध्ये एकदाही न दिसण्याची शक्यता सोळात एक इतकीच उरते, आणि “चार म्हणजे नक्की” या समजुतीच्या मुळाशी न मांडलेला हाच हिशेब असतो. नाणे चार वेळा उडवले तर तो बरोबरही आहे. पण सफारी म्हणजे नाणे नव्हे. शुक्रवारी दुपारी त्या पाणवठ्यावर वाघीण नव्हती याचे जे कारण होते, तेच कारण शनिवारी सकाळीही तसेच उभे होते. वाघिणीने दुसरीकडे कुठेतरी सांबर मारले असेल, तर एवढे मोठे जनावर संपवायला तिला तीन-चार दिवस लागतात आणि तेवढे दिवस ती त्या शिकारीपासून आणि तिच्या जवळच्या पाण्यापासून फारशी हलत नाही. ते पाणी पर्यटनाच्या रस्त्यापासून दूर असेल तर त्या तीन-चार दिवसांतल्या सगळ्या जिप्स्या रिकाम्या परततात. शिकार रस्त्यालगत असेल तर त्याच दिवसांतल्या बऱ्याच जणांना ती दिसते. नर आपल्या हद्दीच्या दुसऱ्या टोकाला गेला की अनेक दिवस इकडे फिरकत नाही. म्हणून वाघाचे दिसणे आणि न दिसणे दोन्ही सलग येतात, झुपक्याझुपक्याने. त्या दोन दिवसांत आम्ही चार वेळा पैसे मोजले, पण प्रश्न एकच विचारला होता आणि त्याचे उत्तर आम्हाला चारदा मिळाले.

उलटही घडले आहे. एका मार्चमध्ये मला एकाच वाघिणीचे लागोपाठ तीन फेऱ्यांत दर्शन झाले होते, आणि परत आल्यावर मी “तीनपैकी तीन” अशी बढाई मारत हिंडलो होतो. ते तीनही एकच दर्शन होते, हे तेव्हा मला कोणी सांगितले असते तर मी ऐकून घेतले नसते.

दुसऱ्या दिवशी मी मेहुण्यांना स्वतः फोन केला आणि म्हणालो, की आकडा चारच राहू द्या, पण ते चार कसे वाटायचे ते आपण बसून ठरवू. यानंतर दोनतीन रविवार आम्ही फोनवर अक्षरशः ताडोबाचे वेळापत्रक मांडून बसलो होतो. सगळ्यात आधी प्रश्न आला तो ऋतूचा. मेहुण्यांना दिवाळीची सुट्टी सोयीची वाटत होती, पण ती तर सरलीच होती आणि तशीही ती मला नको होती. गाभाक्षेत्र, म्हणजे ज्याला सगळे कोअर म्हणतात ते, पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर बंद असते आणि ऑक्टोबरमध्ये उघडते. तेव्हा जंगल देखणे असते यात शंका नाही, परंतु गवत छातीइतके वाढलेले असते, बांबू दाट असतो, आणि प्रत्येक ओढ्याला पाणी असल्यामुळे जनावराला ठरावीक पाणवठ्यावर येण्याची गरजच उरत नाही. वाघ रस्त्यापासून पंधरा फुटांवर पडून असला तरी दिसत नाही. मे महिन्याबद्दल मी स्वतःच नको म्हणालो. चंद्रपूरचा पारा मेमध्ये पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि उघड्या जिप्सीत दुपारचे चार तास ही अडुसष्ट वर्षांच्या बाईंना आणि नऊ वर्षांच्या मुलीला द्यायची गोष्ट नव्हे. वाघ दिसण्याची शक्यता मेमध्ये जास्त असते हे खरे; पण दुसऱ्याच फेरीनंतर आजी खोलीत पडून राहिल्या असत्या, तर त्या शक्यतेचा उपयोग कोणाला झाला असता?

आम्ही मार्चचा मधला आठवडा धरला. सागाची बरीच पाने गळलेली असतात, पळस फुललेला असतो, मोहाची फुले पडू लागलेली असतात, लहान डबकी आटून मोठी पाणी उरलेली असतात, आणि पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटते. भाचीची परीक्षा एप्रिलमध्ये असल्यामुळे शाळेचे चार दिवस बुडवणे बहिणीला फारसे जड गेले नाही. होळी-धुळवडीचे दिवस आम्ही मुद्दाम टाळले, कारण जोडून सुट्टी आली की अर्धे नागपूर आणि पाऊण पुणे मोहर्लीच्या रस्त्यावर असते. मंगळवार तर सोडावाच लागतो. त्या दिवशी ताडोबा बंद असतो. हे ठाऊक नसल्याने सोमवार-मंगळवार-बुधवार असे रिसॉर्ट घेऊन बसलेले लोक मी पाहिले आहेत. इथे एक साधा क्रम पाळावा लागतो. आधी सफारीचा परवाना, मग मुक्कामाची जागा, आणि शेवटी रेल्वे. बहुतेक जण नेमके उलटे करतात, आणि मग परवाना मिळतो तो मुक्कामापासून ऐंशी किलोमीटर लांबच्या गेटचा.

गेटचा हा मुद्दा जरा सविस्तर सांगण्यासारखा आहे. ताडोबाच्या गाभ्यात शिरायला मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी अशी गेटे आहेत. नकाशावर मोहर्ली आणि कोलारा जंगलाच्या दोन बाजूंना तसे जवळ दिसतात, पण मधले जंगल पर्यटकाला आपल्या गाडीने ओलांडता येत नाही. ज्या गेटने जिप्सी आत गेली त्याच गेटने ती वेळेत बाहेर यावी लागते, आणि एका गेटहून दुसऱ्या गेटला जायचे तर जंगलाला बाहेरून मोठा वळसा पडतो. मेहुण्यांनी पहिल्या कच्च्या आराखड्यात सकाळी मोहर्ली आणि दुपारी कोलारा असे लिहिले होते. सकाळची फेरी आटोपून, जेवून, खोली सोडून, वळसा घालून, नवी खोली गाठून तीनच्या आत गेटवर उभे राहायचे, हे कागदावर जमते. आजींना घेऊन जमत नाही. त्यामुळे मुक्काम एकाच बाजूला ठेवायचा आणि तरीही वाघ बदलायचे, असा मार्ग काढावा लागला.

त्यासाठी बफर उपयोगी पडतो. गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा आहे आणि त्याच्याभोवतीचा बफर त्याहून बराच मोठा, म्हणजे सुमारे ११०० चौरस किलोमीटरचा. मोहर्लीला मुक्काम ठेवला तर आगरझरी, देवाडा आणि जुनोना ही बफरची गेटे हाताशी असतात. कोलाऱ्याच्या बाजूला अलिझंझा, मदनापूर वगैरे आहेत. बफर म्हणजे उरलेसुरले जंगल, असा मेहुण्यांचा समज होता आणि त्यात त्यांची चूक नाही, कारण मुंबई-पुण्यात अजूनही तोच समज आहे. परंतु वाघाला गाभ्याची रेघ दिसत नाही. बफरमध्ये गावे आहेत, गुरे आहेत, शेते आहेत आणि त्यांच्या मधल्या जंगलात पिल्ले वाढवणाऱ्या वाघिणीही आहेत. शिवाय एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गाभाक्षेत्राचा जास्तीत जास्त २० टक्के भाग पर्यटनासाठी वापरता येतो. म्हणजे ताडोबात किती वाघ आहेत हा आकडा ऐकून आपण हुरळतो, तेव्हा त्यांतले बहुसंख्य वाघ आपल्या जिप्सीच्या रस्त्यावर कधी येण्याचे कारणच नसते. एका गेटवरची सगळी फेरी प्रत्यक्षात दोन-चार ओळखीच्या वाघांच्या भरवशावर चालते. त्यांतली एखादी वाघीण शिकारीपाशी आडबाजूला जाऊन बसली, की ते गेट आठवडाभर मुके होते. त्याच आठवड्यात आठ-दहा किलोमीटरवरच्या बफर गेटावर दुसऱ्या वाघिणीचे, दुसऱ्या पाण्याचे, दुसरेच काही चाललेले असते. मेमधल्या त्या फसलेल्या खेपेत आम्ही चारांपैकी दोन फेऱ्या जुनोन्याला नेल्या असत्या, तरी वाघ दिसलाच असता असे मी म्हणणार नाही. पण निदान दोन वेगळे प्रश्न विचारले गेले असते.

मग आराखडा असा झाला. मंगळवारी संध्याकाळी कल्याणहून विदर्भ एक्स्प्रेस, बुधवारी सकाळी नागपूर, तिथून गाडीने वरोरा-भद्रावतीवरून मोहर्ली. बुधवारची दुपार रिकामी ठेवायला मेहुणे तयार नव्हते. “पोचतोच आहोत तर एक घेऊन टाकू,” हा त्यांचा आग्रह. पण गाडीला दोन तास उशीर झाला तर परवाना वाया जातो आणि त्याचे पैसेही जातात. शिवाय उशीर झाल्यावर जेवणही न करता थेट जिप्सीत बसलेली माणसे जंगलात डुलक्या घेतात, हे मी गाईडांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. गुरुवारी सकाळी मोहर्ली कोअर, गुरुवारी दुपारी जुनोना बफर, शुक्रवारी सकाळी पुन्हा मोहर्ली कोअर, शुक्रवारी दुपारी विश्रांती, आणि शनिवारी सकाळी आगरझरी बफर करून नागपूरकडे परत. शनिवार-रविवारचे दर जास्त असतात आणि कोअरची गर्दीही तेव्हाच उसळते, म्हणून शनिवार बफरला दिला. पहिली आणि शेवटची फेरी यांच्यात पूर्ण दोन दिवसांचे अंतर पडले, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटत होते. गुरुवारी ज्या शिकारीने वाघीण अडकून पडली असेल ती शनिवारपर्यंत कदाचित संपलेली असेल.

परवाने काढताना मी त्यांना एकाच गोष्टीसाठी पिडले. ऑनलाइन परवान्यावर प्रत्येकाचे नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक लिहावा लागतो, आणि गेटवर तेच ओळखपत्र, मूळ प्रत, दाखवावे लागते. एका हिवाळ्यात मी आईला घेऊन गेलो होतो. परवाना काढताना मी तिच्या मतदार ओळखपत्राचा क्रमांक टाकला होता आणि पिशवीत आणले होते आधार कार्ड. गेटवरच्या खिडकीपाशी त्या थंडीत अर्धा तास गेला. अखेर सोडले, पण आमच्या पुढच्या साऱ्या जिप्स्या केव्हाच वळणाआड गेल्या होत्या, आणि रस्त्यावरच्या धुळीत उमटलेले पहाटेचे ताजे ठसे त्यांच्या चाकांखाली पुसले गेले होते. हा तोटा नंतर भरून काढता येत नाही, कारण बाहेर पडायची वेळ सगळ्यांना सारखीच असते. सकाळच्या फेरीतला पहिला तास सर्वांत मोलाचा असतो. रात्री रस्त्याने चाललेला वाघ तेव्हा नुकताच आत वळलेला असतो. त्या दिवशी आई काहीच बोलली नाही. पुढे कित्येक वर्षे मात्र कोणी ताडोबाचे नाव काढले की ती म्हणायची, “माझ्या कार्डामुळे राहिला वाघ.” कार्ड तिचे होते, चूक माझी होती, आणि मी तिला ते नीट सांगितले नाही.

बाकीच्या गोष्टी मी भराभर सांगितल्या. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात. चौघेच असाल तरी गाडीचे आणि गाईडचे पैसे पूर्ण द्यावे लागतात, आणि ते प्रवेशशुल्काहून वेगळे धरायचे. जिप्सी आणि गाईड पाळीप्रमाणे मिळतात, त्यामुळे अमुकच गाईड हवा हा हट्ट बहुधा चालत नाही. कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, तेव्हा फोटोची हौस असेल तर साधा कॅमेरा हवा. आजींना मागच्या उंच बाकावर बसवू नका, चाकावरचे हिसके सरळ कमरेत बसतात. पुढचे बाक त्यांना द्या.

सर्वांत अवघड होते ते भाचीशी बोलणे. तिला शाळेतल्या कोणा मैत्रिणीने जिप्सीच्या बाजूने चालत जाणाऱ्या वाघाचा व्हिडिओ दाखवला होता, आणि तिच्या डोक्यात सफारी म्हणजे तो व्हिडिओ होता. मी तिला वाघाबद्दल फारसे बोललोच नाही. कॉल म्हणजे काय ते सांगितले. चितळ घाबरून लवकर ओरडते, कधी बिबट्याला तर कधी नुसत्या सावलीलाही. झाडाच्या शेंड्यावरचे वानर खोकल्यासारखा आवाज काढते आणि त्याची नजर ज्या दिशेला असते तिकडे आपण बघायचे. पण सांबर ओरडले, तेही पुन्हा पुन्हा आणि जागचे न हलता, तर गाईड जिप्सीचे इंजिन बंद करतो आणि मग कोणी बोलायचे नाही. “किती वेळ?” तिने विचारले. मी म्हणालो, “पंधरा मिनिटे, कधी अर्धा तास.” फोनवर बराच वेळ शांतता होती. ती सराव करत होती, असे बहिणीने नंतर सांगितले.

मार्चमध्ये ते गेले. गुरुवारी रात्री फोन आला नाही, याचा अर्थ मी आपल्या मनाने लावला. शुक्रवारी रात्री आला. तीन फेऱ्या झाल्या होत्या. पहिल्या सकाळी ताडोबा तलावाच्या काठावर मगर उन्हाला पडलेली होती आणि रस्त्याच्या कडेला गोंडकालीन दगडी खांब दिसले होते. दुपारी जुनोन्याच्या बाजूला गव्यांचा कळप रस्ता अडवून वीस मिनिटे उभा होता. तिसऱ्या फेरीत, म्हणजे आज सकाळी, कोळसुंद्यांची, म्हणजे रानकुत्र्यांची, टोळी पाण्यावर आली होती, सात होती, आजींनी मोजली होती. वाघ नव्हता. मेहुण्यांचा आवाज तक्रारीचा नव्हता, पण थोडा जपून होता. हिशेब विचारायचा की नाही अशा विचारात माणूस असतो, तसा. शेवटी ते म्हणालेच, “दादा, तुम्ही चार म्हणाला होतात.”

“म्हणालो होतो,” मी म्हणालो, आणि पुढे काय बोलावे ते मला सुचले नाही. सोळातल्या एकाचा हिशेब त्या वेळी त्यांना समजावणे बरे दिसले नसते. आणि आधीच्या तीन फेऱ्या रिकाम्या गेल्या म्हणून चौथीचे वजन वाढत नाही, हे तर मुळीच नाही.

तेवढ्यात भाचीने फोन ओढून घेतला. आज सकाळी सांबर ओरडले होते, मामा. एकदा नाही, पुष्कळ वेळा. गाईडकाकांनी इंजिन बंद केले आणि सगळे गप्प बसले, आजीने खोकलासुद्धा दाबून धरला. बांबूत काहीतरी होते. सांबर तिथेच पाय आपटत उभे होते आणि सारखे तिकडेच बघत होते. मग वेळ संपली म्हणून निघावे लागले. “ते कसे ओरडते सांगू?” तिने विचारले, आणि फोनमध्ये तोंड घालून एक घोगरा, फुटका, कानठळ्या बसवणारा आवाज काढला. मी फोन कानापासून लांब धरला. आवाज अगदी बरोबर होता.

मागून बहीण तिला ओरडली, की आता झोप, साडेचारला उठायचे आहे. आगरझरीची जिप्सी साडेपाचला दारात येणार होती.